लाल डोळा: डोळे आलेत, ॲलर्जी आहे, की आतला दाब चढलाय?

त्या बाई आल्या तेव्हा उजव्या डोळ्यावर ओला रुमाल होता आणि मुलाच्या हातात औषधांची पिशवी. पिशवीत उलटी थांबवायची गोळी, ॲसिडिटीची कॅप्सूल, डोकेदुखीची गोळी आणि अँटिबायोटिक थेंबांची नवी बाटली. वय ६२. आदल्या रात्री दिवे मालवून टीव्ही बघत असताना उजव्या भुवईच्या वर दुखायला लागलं, तासाभरात अर्धं डोकं ठणकायला लागलं, मग तीन उलट्या झाल्या. रात्री कुणीतरी पित्त म्हणालं, कुणीतरी अर्धशिशी. सकाळी डोळा लालभडक दिसला, तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं की डोळे आलेत. थेंब सुरू झाले. माझ्यासमोर बसल्या तेव्हा दुखायला लागून सोळा तास उलटले होते, आणि त्या डोळ्याने त्यांना माझ्या हाताची बोटंही एका मीटरवरूनच मोजता येत होती.

त्यांचे डोळे आले नव्हते. डोळ्यातल्या पाण्याची वाट अचानक बंद झाली होती आणि आतला दाब ५८ पर्यंत गेला होता. निरोगी डोळ्यात हा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा असतो. याला आम्ही ॲक्यूट अँगल क्लोजर म्हणतो, म्हणजे बंद कोनाच्या काचबिंदूचा झटका. वेळ गेली तर मागची नस मरते, आणि मेलेली नस परत येत नाही.

घरातल्यांची चूक समजण्यासारखी आहे, कारण सगळे लालीकडे बघत होते. माझ्या अनुभवात लाल डोळ्याबद्दल सर्वांत कमी माहिती कुठली गोष्ट देत असेल, तर ती त्याची लाली. पांढऱ्या भागात थोडं रक्त साचलं की डोळा भीतिदायक लाल होतो आणि तो अगदी निरुपद्रवी असतो. उलट बुबुळाला जखम होऊन नजर जायच्या बेतात असते तेव्हा लाली बेताचीच असू शकते. म्हणून खालची तपासणी मी लालीपासून सुरू करत नाही. दुखण्याची जात, नजर, बाहुली आणि बुबुळाची चमक आधी, लाली नंतर, चिपडं सगळ्यांत शेवटी. पाच मिनिटं पुरतात. एक साधी टॉर्च किंवा मोबाइलचा दिवा आणि वाचायला काहीतरी छापील, एवढंच लागतं.

तपासत बसूच नये असे काही डोळे

डोळ्यात चुना, ॲसिड, फरशी धुवायचं औषध, बॅटरीतलं पाणी असं काही गेलं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डोळा धुवायला घ्या. नळाचं साधं स्वच्छ पाणी चालतं, निर्जंतुक पाणी शोधत वेळ घालवू नये. पापण्या बोटांनी उघड्या धरून सलग किमान पंधरा ते वीस मिनिटं, आणि मग दवाखाना. चुन्यासारखे अल्कली पदार्थ आत झिरपत राहतात, त्यामुळे ‘आता बरं वाटतंय’ यावर विश्वास ठेवू नका.

हातोडा किंवा ग्राइंडर चालवताना काही उडून लागलं असेल, गेल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत डोळ्याचं ऑपरेशन किंवा डोळ्यात इंजेक्शन झालं असेल, कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, किंवा बाळ महिन्याभराच्या आतलं असेल, तर लाल डोळ्याचं निदान घरी करायचं नाही. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. लेन्स आधी काढा, पण फेकू नका, डबीसकट बरोबर न्या. जंतू कुठला ते कधी कधी त्या डबीतूनच कळतं.

पहिली पायरी: खाज, खुपणं की ठणका?

‘दुखतंय का?’ असं विचारलं की लाल डोळ्याचा प्रत्येक माणूस हो म्हणतो. त्यामुळे प्रश्न नेमका विचारा. चोळावंसं वाटतंय? वाळू गेल्यासारखं टोचतंय? की आतून, खोलवर ठणकतंय?

चोळल्याशिवाय राहवत नाही, चोळून क्षणभर बरं वाटतं आणि मग आणखी खाज सुटते, हे ॲलर्जीचं बोलकं लक्षण. दोन्ही डोळे, बहुधा एकाच वेळी, जोडीला शिंका किंवा नाकाला खाज. खाज अजिबात नसेल तर ॲलर्जीचं निदान करताना मी दहादा विचार करतो.

वाळू गेल्यासारखं टोचणं, चुरचुरणं, सकाळी पापण्या चिकटलेल्या असणं, हे संसर्गाने डोळे आल्याचं. त्रास होतो, पण माणूस जेवतो, बोलतो, तक्रार करत फिरतो.

ठणका वेगळा. तो डोळ्याच्या आत असतो, भुवईत, कानशिलात, कधी दाढेपर्यंत जातो. झोप मोडतो. त्याच्या जोडीला मळमळ किंवा उलटी असेल तर तिथेच थांबा, पुढच्या पायऱ्या फक्त खात्रीसाठी. डोळे येण्याने उलट्या होत नाहीत. दाब एकदम चढला की मज्जातंतूंच्या मार्गाने पोट ढवळतं, आणि कित्येकदा ते ढवळणं इतकं जोरात असतं की माणूस डोळ्याचं बोलतच नाही, पोटाचंच बोलतो. म्हणून उलट्यांसह डोकं दुखणाऱ्या पन्नाशीपुढच्या कुणाचाही डोळा एकदा उजेडात बघावाच. आमच्या बाईंच्या बाबतीत रात्री तो कुणीच पाहिला नव्हता. खोलीत अंधार होता, दिव्याचा त्रास होतो म्हणून.

दुसरी पायरी: एकेका डोळ्याची नजर

ही पायरी लोक गाळतात, कारण दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाची चूक झाकून टाकतो. नेहमीचा चष्मा लावा. एक डोळा तळहाताने झाका. बोटांनी झाकू नये, फटीतून दिसतं आणि दाबलाही जातो. भिंतीवरचं कॅलेंडर, दारावरची पाटी, काहीही वाचा. मग दुसरा डोळा. नेहमी जो फरक असतो त्यापेक्षा जास्त फरक आहे का, एवढंच बघायचं.

धूसर दिसलं तर चार-पाच वेळा पापण्या मिटा-उघडा, साचलेलं टिपून घ्या, पुन्हा वाचा. चिपडं किंवा पाणी पुढे आल्यामुळे धूसर असेल तर क्षणात स्वच्छ होतं. डोळे आलेल्या माणसाची नजर अशी स्वच्छ होते. पापण्या मिटूनही धूसर राहिलं, तर गडबड बुबुळात किंवा त्याच्या मागे आहे, आणि ते काम घरचं नाही.

आणखी एक प्रश्न: दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी दिसतात का? दाब चढला की बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात पाणी शिरतं, त्यातून प्रकाश फुटतो आणि दिव्याला रंगीत वलय येतं. डोळ्यात चिकट स्राव असतानाही दिवा पसरलेला दिसतो, पण तो मिटमिटवल्यावर जातो. हे वलय जात नाही.

तिसरी पायरी: टॉर्च

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण खरा उलगडा बहुतेक वेळा इथेच होतो.

खिडकीजवळ किंवा दिव्याखाली बसवा. खोली काळोखी करू नका. आधी टॉर्चशिवाय दोन्ही डोळ्यांकडे एकत्र बघा. बुबुळावर खिडकीचं प्रतिबिंब पडतं. निरोगी डोळ्यात त्याच्या कडा आरशातल्यासारख्या रेखीव असतात. झटका आलेल्या डोळ्यात तेच प्रतिबिंब पुसट, तुटक दिसतं, जणू काचेवर वाफ धरली आहे, आणि मागचा रंग धुरकट वाटतो. दुसरा डोळा शेजारीच असतो, त्याच्याशी तुलना करा. बुबुळावर एखादा पांढुरका ठिपका दिसला तर तो अल्सरचा असू शकतो. पानाची कड, काडी, भुसा असलं काही डोळ्यात गेल्यानंतर दोन-चार दिवसांनी असा ठिपका आला असेल तर बुरशीची शंका घ्यावी लागते.

मग बाहुली, म्हणजे बुबुळाच्या मधला काळा गोल. आपल्या गडद डोळ्यांत ती सहज दिसत नाही. टॉर्च समोरून मारण्याऐवजी जरा खालून, हनुवटीच्या बाजूने तिरपी धरली की कड उठून दिसते. दोन्ही बाहुल्यांचा आकार बघा. मग एका डोळ्यावर उजेड आणा आणि ती आकुंचन पावते का पाहा. निरोगी बाहुली उजेड पडताच झटकन लहान होते.

ॲक्यूट अँगल क्लोजरमध्ये ती मधल्या आकारात, साधारण चार ते सहा मिलिमीटरवर अडकून बसते, उजेडाला हलत नाही किंवा जेमतेम हलते, आणि बऱ्याचदा पूर्ण गोल नसून उभी लांबट असते. आमच्या बाईंची उजवी बाहुली अशीच होती. डावी उजेडात टाचणीच्या डोक्याएवढी झाली, उजवी ढिम्म. ज्याने थेंब दिले त्याने एवढं पाहिलं असतं तरी ते दिले नसते.

बाहुली उलट लहान, आणि उजेडाने डोळा अतिशय दुखत असेल, तर ती आतल्या रंगीत पडद्याची सूज असू शकते, ज्याला आम्ही आयरायटिस म्हणतो. त्याची एक छान खूण आहे: दुखरा डोळा झाकून चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारली तरी दुखऱ्या डोळ्यात कळ येते, कारण दोन्ही बाहुल्या एकदमच आकुंचन पावतात.

डोळे येण्यात आणि ॲलर्जीत बाहुल्या सारख्या, गोल आणि चपळ असतात. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. साधारण पाचातल्या एका निरोगी माणसाच्या बाहुल्यांत जन्मतः किंचित फरक असतो, पण त्या दोन्ही उजेडाला हलतात. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, पूर्वी मार लागलेल्या किंवा नुकतेच बाहुली मोठी करायचे थेंब घातलेल्या डोळ्यात ही खूण फसवते.

टॉर्चचा आणखी एक उपयोग. ती कानशिलाच्या बाजूने, बुबुळाच्या पातळीला आडवी धरा. आतला रंगीत पडदा सपाट असेल तर तो नाकापर्यंत सगळा उजळतो. तो पुढे फुगलेला असेल तर नाकाकडच्या अर्ध्या भागावर सावली पडते, आणि हा डोळा अरुंद कोनाचा असण्याची शक्यता वाढते. ही चाचणी कच्ची आहे. सावली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. पण सावली आणि ठणका एकत्र आले तर मला आणखी पुरावा लागत नाही.

काही डॉक्टर मिटलेल्या पापणीवरून दोन्ही तर्जन्यांनी डोळा हलकेच दाबून बघतात. झटक्यात तो गोटीसारखा कडक लागतो. बाईंच्या मुलाला मी दोन्ही डोळ्यांतला फरक बोटांनी दाखवला, तो दचकलाच. पण घरी हे करायची शिफारस मी करत नाही. मार लागलेल्या किंवा ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर तो दाब महागात पडेल.

चौथी पायरी: लाली नेमकी कुठे आहे

आता लालीकडे. खालची पापणी बोटाने खाली ओढा. पापणीची आतली बाजू आणि पांढऱ्या भागाची बाहेरची बाजू जास्त लाल, आणि बुबुळाकडे येईतो लाली विरळ होत गेलेली, हा डोळे येण्याचा आणि ॲलर्जीचा नमुना. याच्या उलट, बुबुळाच्या भोवती जांभळट लाल कडं आणि बाहेर जाताना ते फिकट, हा आतल्या आजाराचा नमुना: दाब, आयरायटिस किंवा बुबुळाची जखम. मात्र झटका काही तास जुना झाला की सगळाच डोळा लाल होतो आणि कडं त्यात हरवतं. म्हणून ही पायरी चौथी.

रक्त सांडल्यासारखा सपाट, एकरंगी लाल डाग असेल, दुखत नसेल, नजर ठीक असेल, तर ती फुटलेली केशवाहिनी. जोरात खोकल्याने, शिंकेने होते आणि दोन आठवड्यांत आपोआप विरते. रक्त पातळ करायची औषधं चालू असतील किंवा असं पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तदाब बघून घ्या.

पाचवी पायरी: काय वाहतंय

पातळ पाणी, सकाळी थोडं चिकट, एका डोळ्यात सुरू होऊन दोन-तीन दिवसांत दुसऱ्यात, नुकतीच सर्दी किंवा घरात दुसरं कुणी असंच: हे विषाणूमुळे, बहुधा ॲडिनोव्हायरसमुळे डोळे येणं. कानाच्या पाळीच्या पुढे, जबड्याचा सांधा हलतो तिथे, बोटाने चाचपून बघा. वाटाण्याएवढी दुखरी गाठ लागली तर विषाणूच्या बाजूने पारडं जड होतं. ॲलर्जीत अशी गाठ येत नाही, तिथे पांढरी, दोऱ्यासारखी लांबणारी चिकट तार निघते. दिवसभर पुसलं तरी पिवळा-हिरवा पू येत राहणं हे जिवाणूचं. आणि झटक्यात? फक्त पाणी. ‘चिपडं नाहीत, म्हणजे साधंच आहे’ हा तर्क म्हणूनच उलटा पडतो.

वाट का बंद होते

डोळ्यात रंगीत पडद्याच्या मागे एक पाणी सतत तयार होत असतं. ते बाहुलीतून पुढे येतं आणि पडदा व बुबुळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या जाळीतून बाहेर जातं. तो कोपरा म्हणजे कोन. काहींचा डोळा मुळातच आखूड असतो. अशांना लहानपणापासून किंवा चाळिशीच्या आधीच अधिक नंबरचा चष्मा लागलेला असतो. वयाबरोबर आतलं भिंग जाड होतं आणि पडद्याला मागून टेकतं. मग पाणी बाहुलीतून पुढे यायला धडपडतं, मागे साठतं, पडदा पुढे फुगतो आणि कोपरा झाकून टाकतो. पाणी तयार होणं मात्र थांबत नाही.

बाहुली अर्धवट मोठी असते तेव्हा ही अडचण सर्वांत जास्त होते. म्हणून झटका संध्याकाळी, मंद उजेडात किंवा मोठ्या मानसिक ताणानंतर येताना दिसतो. आणि म्हणूनच बाहुली मोठी करणारी औषधं निमित्त ठरतात: सर्दीच्या काही गोळ्या, पोटातल्या मुरड्यावरची काही इंजेक्शनं, नैराश्यावरची काही जुनी औषधं, दम्याच्या नेब्युलायझरमधलं इप्राट्रोपियम, आणि डोळ्याची लाली घालवायचे म्हणून सर्रास मिळणारे थेंबसुद्धा. बाईंना दोन दिवस सर्दीची गोळी चालू होती. अरुंद कोन नसलेल्या माणसाला यातलं काहीही होत नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर लोक सर्दीची गोळी बघून घाबरतील.

स्त्रियांमध्ये, पन्नाशीनंतर, आशियाई वंशाच्या लोकांत आणि ज्यांच्या सख्ख्या नात्यात हा आजार आहे त्यांच्यात हा धोका जास्त.

पुष्कळांना मोठ्या झटक्याआधी छोटे झटके येऊन गेलेले असतात. संध्याकाळी भुवई दुखते, दिव्याला कडी दिसतात, झोपून उठलं की सगळं ठीक. ठीक होतं याचं कारण झोपेत बाहुली लहान होते आणि कोन सुटतो. म्हणून मी बाईंना याबद्दल विचारलं. तीन महिन्यांत चार-पाच वेळा असं झालं होतं. त्यांनी त्याला चष्म्याचा नंबर वाढला असं ठरवून टाकलं होतं.

शंका आली तर पुढचे तास

त्याच वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघायचं. रात्र असेल तरी, जिथे डोळ्यांची तातडीची सोय आहे तिथे. स्वतः गाडी चालवू नये. जाताना आणि वाट बघताना उताणं झोपता आलं तर झोपावं, भिंग थोडं मागे सरकून कोनाला मदत होऊ शकते. डोळ्याला पट्टी बांधू नका, काळोख्या खोलीत बसवू नका, उजेडात बसवा. घरातले जुने थेंब घालू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर न्या आणि तीन गोष्टी न विचारता सांगा: सल्फाची ॲलर्जी आहे का, मूत्रपिंडाचा आजार आहे का, दमा आहे का. कारण दाब उतरवणारी नेहमीची औषधं नेमकी याच ठिकाणी अडतात. ॲसिटाझोलामाइड पहिल्या दोघांना आणि टिमोलॉलचे थेंब दमेकऱ्यांना त्रासाचे ठरू शकतात.

तिथे दाब मोजतात, थेंब आणि ॲसिटाझोलामाइड देतात, न उतरल्यास शिरेतून मॅनिटॉल. दाब जरा खाली आला की बाहुली लहान करणारे पायलोकार्पिन. हे अगदी सुरुवातीला फारसं काम करत नाही, कारण दाबाने बाहुलीच्या स्नायूचं रक्तच तुटलेलं असतं. बुबुळ स्वच्छ झालं की लेसरने रंगीत पडद्यात एक बारीक छिद्र पाडतात, म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळते. काहींना मोतीबिंदूसारखं भिंग काढण्याचं ऑपरेशन जास्त उपयोगी पडतं. ठणका गेला म्हणजे काम झालं असं समजून लेसरशिवाय घरी गेलेले लोक मी पाहिले आहेत. ते परत येतात.

साधंच निघालं तर

खाज आहे, नजर ठीक, बाहुल्या ठीक: थंड पाण्याच्या घड्या, चोळणं बंद, आणि डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे थेंब. मुलगा सतत डोळे चोळत असेल तर ते मनावर घ्या, वर्षानुवर्षं चोळल्याने बुबुळ शंकूसारखं पुढे येऊ शकतं. स्टेरॉइडच्या थेंबांनी एका दिवसात चमत्कार होतो, म्हणून ते घरात राहतात, आणि महिनोन् महिने वापरले की मोतीबिंदू आणि काचबिंदू देतात. डोळ्यात हर्पिसचा विषाणू किंवा बुरशी असेल तर ते आगीत तेल ओततात.

विषाणूने डोळे आले असतील तर अँटिबायोटिकने काही होत नाही. पहिले चार-पाच दिवस वाढतं, मग एक ते तीन आठवड्यांत उतरतं. दोन आठवड्यांपर्यंत ते पसरू शकतं. टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा, थेंबांची बाटली वेगळी, हात साबणाने. हातावर चोळायच्या अल्कोहोलवर विसंबू नका, हा विषाणू त्याला पुरेसा दबत नाही. नुसतं डोळ्यांत बघून मात्र तो लागत नाही. काळा चष्मा ज्याचे डोळे आलेत त्याच्या सोयीसाठी असतो, बघणाऱ्याच्या रक्षणासाठी नव्हे.

यात एक फसवी जागा आहे. दुसऱ्या आठवड्यात लाली उतरत असताना नजर धूसर झाली आणि उजेड सोसवेना, तर विषाणूमुळे बुबुळात बारीक डाग पडलेले असू शकतात. ते आपोआप जाईल असं ठरवू नका, दाखवा. तसंच एकाच डोळ्याचे ‘आलेले डोळे’ आठवड्यात उतरायला लागले नाहीत, किंवा टोचणं बदलून ठणका झाला, तर पहिल्या पायरीपासून पुन्हा तपासा. सकाळचं निदान संध्याकाळी खरं राहतंच असं नाही.

बाईंचा दाब पाच तासांत २२ वर आला. दुसऱ्या दिवशी लेसर झालं. नजर बरीचशी परतली, पण बाहुली तशीच थोडी मोठी आणि आळशी राहिली, आणि कडेची नजर काहीशी गेली ती गेलीच. आठवड्याने डाव्या डोळ्यालाही लेसर केलं. तो डोळा ठणठणीत आहे, मग कशाला, असं त्यांनी विचारलं होतं. दोन्ही डोळ्यांची ठेवण एकच असते, आणि लेसर न केलेल्या दुसऱ्या डोळ्याला येत्या पाच-दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता जवळपास निम्मी धरतात. हे ऐकून त्यांनी आधी डावा डोळा पुढे केला, आणि मग धाकट्या बहिणीला फोन लावला. तिलाही शाळेपासून अधिक नंबरचा चष्मा होता.